व्हेंडरची दिवाळी भेट नाकारताना: परचेसमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

दसरा झाला की परचेसमधल्या नव्या माणसाला एखाद्या व्हेंडरचा मेसेज येतो: "साहेब, घरचा पत्ता पाठवा ना." बरेच जण भिडेखातर किंवा विचार न करता पत्ता पाठवतात, आणि मग धनत्रयोदशीच्या आधी दारात खोकं येऊन पडलं की काय करायचं ते कळत नाही. नाकारायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे हा पत्ता मागितला जातो तो क्षण. तेव्हा वस्तू आलेली नसते, खर्च झालेला नसतो आणि कुणाचा मानही दुखावलेला नसतो. म्हणून या लेखात भेट परत कशी करायची यापेक्षा ती निघण्याआधी कशी थांबवायची याकडे जास्त लक्ष दिलं आहे.

डोळ्यासमोर चाकण-भोसरी पट्ट्यातली खाजगी कंपनी आहे: वाहनांचे सुटे भाग बनवणारी, आणि शंभरेक लहान वर्कशॉपकडून मशिनिंग, प्लेटिंग, पॅकिंग करून घेणारी. तुम्ही सरकारी खात्यात किंवा सरकारी कंपनीत असाल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे वर्तणूक नियम आणि 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही थेट गुन्हेगार धरलं जातं. तिथे आधी तुमच्या दक्षता विभागाला विचारा.

आधी पॉलिसी वाचा, आणि तीन गोष्टी शोधा

रुजू होताना सही केलेल्या कागदांत आचारसंहिता असते. ती पुन्हा काढा आणि त्यात तीन गोष्टी बघा.

पहिली, रकमेची मर्यादा. काही कंपन्या किरकोळ वस्तू चालवून घेतात: कॅलेंडर, डायरी, पेन, कंपनीचं नाव छापलेला मग. काही कंपन्यांत मर्यादा शून्य असते. ज्या कंपनीची मूळ कंपनी अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये आहे, तिथे नियम सहसा जास्त कडक असतात, कारण अमेरिकेचा 1977 चा आणि ब्रिटनचा 2010 चा लाचविरोधी कायदा त्यांच्या परदेशातल्या कारभारापर्यंत पोचतो.

दुसरी, रोख आणि रोखीसारख्या वस्तू. पाकीट, गिफ्ट कार्ड, सोन्याचांदीचं नाणं हे बहुतेक ठिकाणी कितीही लहान असलं तरी चालत नाही. दोनशे रुपयांचं पाकीटही पाकीटच असतं.

तिसरी, चालू व्यवहार. त्या व्हेंडरकडून कोटेशन मागवलेलं असेल, रेट रिव्हिजन चालू असेल किंवा रिजेक्शनचा वाद पेटलेला असेल, तर एरवी चालणारी वस्तूही त्या काळात चालत नाही.

हे वाचून झालं की आपल्या मॅनेजरला विचारा: आलेली वस्तू नोंदवायचं रजिस्टर किंवा फॉर्म कुठे आहे, आणि परत पाठवायचा खर्च कोण करतं? दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण ड्रायव्हर आणि गाडी कोण देणार हे ठरलेलं नसलं की खोकी आठवडाभर टेबलाखाली पडून राहतात. येणारा-जाणारा प्रत्येक जण ती बघतो, आणि तोवर तुम्ही ती घेतली असंच सगळे धरून चालतात.

नाकारण्यात फट ठेवू नका

आपल्याकडे पाहुणचाराची एक रीत आहे. समोरचा आग्रह करतो, आपण "अहो कशाला, नको" म्हणतो, तो पुन्हा आग्रह करतो, आणि तिसऱ्यांदा आपण घेतो. पहिल्या "नको"ला कुणी नकार समजत नाही, तो विनय समजला जातो. व्हेंडरही याच रीतीत वाढलेला असतो. तुम्ही हसून "अहो कशाला एवढं" म्हणालात की त्याच्या दृष्टीने तुम्ही शिष्टाचार पाळलात आणि आता आग्रह करायची पाळी त्याची.

म्हणून नेहमीची चार वाक्यं टाळा. "इथे ऑफिसात नको" म्हटलं की खोकं घरी येतं. "आत्ता नको" म्हटलं की पाडव्यानंतर येतं. "एवढं मोठं नको" म्हटलं की लहान येतं. आणि "आमचे साहेब घेऊ देत नाहीत" म्हटलं की पुढच्या वेळी दोन येतात, एक तुम्हाला आणि एक साहेबांना. यातलं एकही वाक्य खोटं नसेल, पण प्रत्येकात एक दार उघडं राहतं, आणि व्यवसाय करणाऱ्या माणसाला उघडं दार लगेच दिसतं.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे प्रवचन. "आमच्याकडे लाच चालत नाही" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. बहुतेक लहान उद्योजक दिवाळीचा डबा देताना स्वतःला लाच देणारा समजत नाहीत. ते त्यांच्या बँकेतल्या माणसाला देतात, वाहतूकवाल्याला देतात, कामगारांना देतात, तसंच तुम्हाला देतात. तुम्ही "लाच" म्हणालात की त्या माणसाच्या लेखी तुम्ही त्याच्या घरच्या सणाला नाव ठेवलंत. ते तो विसरत नाही, आणि माझ्या मते विसरूही नये.

चांगल्या नकारात चार भाग असतात: भावनेचा स्वीकार, कंपनीचा नियम, तो सगळ्यांना सारखा आहे ही खात्री, आणि याचा कामाशी संबंध नाही ही खात्री. पत्ता मागणाऱ्या मेसेजला असं उत्तर देता येईल:

"नमस्कार काका. तुम्ही आठवण ठेवलीत, खूप बरं वाटलं. आमच्या कंपनीचा नियम असा आहे की परचेसमधल्या कुणीही कोणत्याही सप्लायरकडून भेटवस्तू घ्यायची नाही, घरीही नाही. हा नियम सगळ्या सप्लायरना सारखाच आहे. त्यामुळे कृपया काही पाठवू नका. तुमच्या कामावर याचा काहीही परिणाम होणार नाही. दिवाळीत फोन करतो, बोलूच."

"घरीही नाही" हे दोन शब्द गाळू नका. आणि शेवटी फोनचं लिहिलंत तर फोन नक्की करा.

नियम सांगताना "मला चालत नाही" असं न म्हणता "कंपनीचा नियम आहे" असं म्हणा. "मला" म्हटलं की तो तुमच्या स्वभावाचा भाग होतो, आणि स्वभावाला आग्रह करता येतो. शिवाय तुमच्या आधी त्या खुर्चीत बसलेला माणूस घेत असेल, तर "मी घेत नाही" हा त्याच्यावर केलेला आरोप ठरतो. नियम सांगितला की कुणाकडे बोट जात नाही.

सगळ्यांना एकच पत्र

याहून चांगला उपाय म्हणजे दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी कंपनीच्या लेटरहेडवर सगळ्या सप्लायरना एक पत्र पाठवणं. नव्या माणसाला हे स्वतःच्या सहीने पाठवता येत नाही, पण मॅनेजरला सुचवता येतं आणि मजकूर लिहून देता येतो. पत्र चार-पाच ओळींचंच असावं: वर्षभर दिलेल्या साथीबद्दल आभार, भेटवस्तू न पाठवण्याची विनंती, आलेली वस्तू नाइलाजाने परत पाठवावी लागेल ही सूचना, आणि सणाच्या शुभेच्छा.

पत्र यादीतल्या प्रत्येकाला गेलं पाहिजे. फक्त "जे पाठवण्याची शक्यता आहे" त्यांना पाठवलंत तर गडबड होते. भोसरीतले वर्कशॉपवाले एकमेकांना ओळखतात, एकाच प्लेटरकडे माल पाठवतात, संध्याकाळी एकाच टपरीवर चहा घेतात. पत्र आपल्याला आलं आणि शेजाऱ्याला नाही, हे दोन दिवसांत कळतं.

तरीही आलंच तर

असं समजा: शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही कामावरून घरी आलात. टेबलावर मोठा डबा आहे. आई सांगते, एक ड्रायव्हर आला होता, "साहेबांसाठी काकांनी पाठवलंय" म्हणाला आणि ठेवून गेला. डब्यात काजूकतली आहे, सुकामेवा आहे आणि खाली मखमली डबीत चांदीचं नाणं. पाठवणारे काका गेली बारा वर्षं तुमच्या कंपनीला ब्रॅकेट मशिनिंग करून देतात. आणि नेमकं याच आठवड्यात एका नव्या ब्रॅकेटसाठी तीन जणांकडून कोटेशन मागवलेलं आहे, त्यात काकाही आहेत.

आईला दोष देऊ नका. दारात आलेल्या माणसाला सणासुदीला परत पाठवायचं नाही, हेच ती आयुष्यभर पाळत आली आहे. डबा बंद करा, मोबाइलवर दोन फोटो काढा, एक बंद डब्याचा आणि एक आतल्या वस्तूंचा. त्यातलं काहीही खाऊ नका. मिठाई खाऊन नाणं तेवढं परत करायचं, असा अर्धवट मार्ग काढू नका. "डबा अर्धा का आला?" असं काका विचारत नाहीत, पण तुम्ही काय ठेवलंत हे त्यांना कळलेलं असतं.

त्याच रात्री मॅनेजरला मेसेज करा: कोणाकडून, कधी, काय आलं, कोणी घेतलं, आणि उद्या परत करत आहे. कॉम्प्लायन्सचा वेगळा पत्ता असेल तर तिथेही टाका. त्याच रात्री करण्याला महत्त्व आहे. सोमवारी कळवलं की मधले दोन दिवस तुम्ही विचार करत होतात, असा अर्थ काढणारे लोक प्रत्येक कंपनीत असतात.

सकाळी काकांना फोन करा. मेसेज नको, आणि ड्रायव्हरच्या हातून आधी डबा जाऊन मग फोन, असंही नको. डबा परत येताना दिसला आणि फोन आलेला नसला तर मोठा अपमान होतो, कारण तो वर्कशॉपमधल्या सगळ्यांसमोर येतो. बोलणं साधारण असं होईल:

"काका, नमस्कार, दिवाळीच्या शुभेच्छा. काल घरी डबा मिळाला. आईने घेतला, तिला आमच्या ऑफिसचा नियम माहीत नव्हता. तुमच्या भावना पोचल्या. पण आम्हाला ठेवून घेता येत नाही, म्हणून आज आमच्या गाडीने परत पाठवतोय. तुम्हाला आधी सांगावं म्हणून फोन केला."

काका म्हणतील, "अहो, आईंनी घेतलं, आता परत कसलं करता? मुलांना द्या." कदाचित आवाज थोडा चढेल: "बारा वर्षं देतोय, कोणी परत केलं नाही." इथे जुन्यांबद्दल एक अक्षरही बोलू नका. "खरं आहे काका, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण आता नियम सगळ्यांना सारखा लागू आहे, आणि मला मोडता येत नाही" एवढं म्हणा आणि थांबा. बाजू पटवून द्यायला लागलात की वाद होतो. त्यांना बोलू द्या.

मग त्यांना ज्याची भीती आहे ती गोष्ट स्वतःहून काढा: "नव्या ब्रॅकेटचं कोटेशन तुमचं आलंय. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. इतरांसारखंच तेही बघितलं जाईल." हे ऐकल्याशिवाय त्यांना झोप लागणार नाही. भेट परत आली म्हणजे आपण यादीतून गेलो, असाच अर्थ पहिल्यांदा मनात येतो. "तुमचं काम होईल" असं मात्र चुकूनही म्हणू नका. नाराजी घालवायला दिलेलं हे आश्वासन डब्यापेक्षा महाग पडतं.

डबा कंपनीच्या गाडीने पाठवा, स्वतः नेऊन देऊ नका. तुम्ही एकटे वर्कशॉपवर गेलात तर चहा येतो, मिसळ येते, आणि डबा गाडीत परत चढतो. सोबत दोन ओळींचं पत्र द्या: काय परत करत आहोत ते वस्तूवार, आणि आभार. एका प्रतीवर काकांची किंवा त्यांच्या ऑफिसमधल्या कुणाची सही आणि तारीख घ्या. ती प्रत आणि फोटो रजिस्टरला जोडले की तुमचं काम झालं. वर्षभराने ऑडिटमध्ये कुणी "चांदीचं नाणं दिलं होतं" असं म्हणालं, तर ही सही उपयोगी पडते.

नाशवंत वस्तू ऑफिसच्या गेटवर आली असेल आणि परत पाठवणं शक्य नसेल, तर अनेक कंपन्या ती कँटीनमध्ये सगळ्यांना वाटतात आणि आभाराचं पत्र कंपनीच्या नावाने जातं. पॉलिसीत तशी सोय असेल तरच हे करा, आणि डबा सिक्युरिटीसमोर, सहकारी बरोबर असताना उघडा. खाली पाकीट किंवा नाणं असलं तर ते तिथेच, साक्षीने सापडलं पाहिजे.

भेटीमागचा प्रश्न ओळखा

लहान व्हेंडर भेट देतो त्याला कारणं असतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्याचं बिल कुठे अडकलं आहे हे त्याला कुणी सांगत नाही. माल गेटमधून आत गेला, पण जीआरएन झालं नाही. जीआरएन झालं, पण क्वालिटीने होल्डवर टाकलं. पीओमधला रेट जुना आणि बिलातला नवा, म्हणून अकाउंट्सने बिल बाजूला ठेवलं. तो फोन करतो, कुणी उचलत नाही. मग दिवाळी येते आणि आपल्या माणसाने फोन उचलावा म्हणून तो डबा पाठवतो.

म्हणून डबा परत गेल्याच्या आठवड्यात त्याची थकलेली बिलं काढून बघा. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. अकाउंट्सशी बोला आणि काकांना कळवा: "तुमची दोन बिलं रेटच्या फरकामुळे थांबली होती. सुधारित पीओ काढलाय." काम नियमाप्रमाणेच होत असतं, तुम्ही त्यांच्यावर मेहेरबानी करत नसता. पण एरवी भेटीच्या वाटेने मिळणारी माहिती त्यांना सरळ मिळाली, आणि तीही भेट नाकारणाऱ्या माणसाकडून. पुढच्या दिवाळीला पत्ता मागणारा मेसेज येत नाही, तो बहुतेक याच कारणाने. इतर व्हेंडरनाही अशीच माहिती द्या, म्हणजे हा एकाचा लाड ठरत नाही.

पाहुणचार, प्रसाद आणि लग्नं

वर्कशॉपवर गेल्यावर चहा घ्या. तो नाकारण्यात काही साधत नाही आणि माणूस उगाच दुखावतो. खंडेनवमीला मशिनची पूजा असते, बोलावलं तर मॅनेजरला सांगून पाच मिनिटं जा, प्रसाद घ्या. संक्रांतीचा तिळगूळही घ्या. प्रसादाच्या पुड्याखाली पाकीट सरकवलं गेलं तर पुडा घ्या, पाकीट तिथल्या तिथे त्यांच्या हातात द्या आणि "काका, प्रसाद पोचला" एवढंच म्हणा. शाल-श्रीफळाचा सत्कार होणार असल्याचं आधी कळलं, तर तो टाळायला सांगा, कारण समोर दहा माणसं असताना खांद्यावर आलेली शाल काढून देणं अवघड असतं.

ऑडिटला दिवसभर जायचं असेल तर अडचण जेवणाची येते. चालू शिफ्टमध्ये कारखान्यातच, कामगारांबरोबर तेच जेवण घेणं बहुतेक पॉलिसीत बसतं. रात्री हायवेवरच्या हॉटेलात पार्टी बसत नाही, विशेषतः ज्या दिवशी तुम्ही त्यांचे मार्क ठरवणार आहात त्या दिवशी. बाहेरगावचं ऑडिट असेल तर गाडी आणि मुक्काम आधीच आपल्या ॲडमिनकडून बुक करून घ्या आणि व्हेंडरला दोन दिवस आधी कळवा. "सोय झाली आहे" हे आधी सांगितलं की नाकारावं असं काही उरतच नाही. जेवणाला बोलावणं आलंच तर "आज रिपोर्ट पूर्ण करायचाय, पुढच्या वेळी चहा नक्की" असं सांगू नका. कारण टिकत नाही आणि पुढची वेळ येते. "ऑडिटच्या दिवशी बाहेर जेवायला जायचं नाही, असा नियम आहे" हे सरळ सांगा.

व्हेंडरच्या मुलीच्या लग्नाला जायला हरकत नसते. मॅनेजरला सांगून जा, आणि आहेर द्यायचा तर आपल्या खिशातला, साधा द्या. तुमच्या स्वतःच्या लग्नात मात्र गोष्ट नाजूक होते, कारण मांडवात रांगेत उभ्या माणसाचं पाकीट परत करता येत नाही. त्यासाठी पत्रिकेवर "आहेर स्वीकारला जाणार नाही" हे छापून घ्या. आपल्याकडे ही ओळ इतकी रुळली आहे की कुणालाच खटकत नाही. तरी आलेली पाकिटं कुणाची ते घरच्यांना लिहून ठेवायला सांगा, आणि व्हेंडरची वेगळी काढून रजिस्टरमध्ये नोंदवून परत करा.

वरिष्ठच घेत असतील तर

हा प्रश्न नवे लोक दबक्या आवाजात विचारतात. तुमच्या बॉसच्या केबिनमध्ये खोकी जातात आणि तुम्ही परत करता, तेव्हा व्हेंडर गोंधळतो आणि बॉस अस्वस्थ होतो. इथे बॉसला सुधारायला जाऊ नका आणि व्हेंडरकडे त्याच्याबद्दल बोलू नका. तुमच्या नावाने आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद लेखी, तारखेसह करा, आणि ती फक्त बॉसच्या मेलवर न ठेवता पॉलिसीत दिलेल्या दुसऱ्या पत्त्यावरही पाठवा: कॉम्प्लायन्स, एचआर किंवा एथिक्सचा मेल. तक्रार म्हणून नव्हे, फक्त तुमच्या वस्तूपुरती. बॉस म्हणाला, "अरे ठेव, सगळेच ठेवतात," तर "सर, माझ्या फॉर्मवर सही आहे, मी परत करतो" असं म्हणा आणि त्याच दिवशी परत करा. बॉसने तुमच्या हातून दुसऱ्या कुणासाठी खोकं घ्यायला किंवा पोचवायला सांगितलं तर ते काम घेऊ नका. तिथे तुमची नोंद पुरत नाही, तिथे एथिक्सच्या मेलवरच लिहावं लागतं.